मातीचा नमुना: १८ स्लाइडांच्या डेकवरून ३ मिनिटांचा व्हिडिओ, स्टोरीबोर्डच्या नोंदी

४ फेब्रुवारी: डेकची चाळणी

शेतातून माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा, या विषयावरचा १८ स्लाइडांचा डेक आला आहे. प्रशिक्षण वर्गात हा डेक समोर लावून दीड तास बोलले जाते. आपल्याला त्यातून ३ मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. रब्बीचे पीक निघाल्यावर आणि पुढचे खत पडायच्या आधी नमुने घेतले जातात, म्हणून व्हिडिओ मार्चच्या सुरुवातीला लोकांच्या फोनवर असायला हवा.

स्लाइड एक, दृश्य एक असा हिशेब मांडायचा नाही. डेक करणाऱ्याने स्लाइड पाडल्या आहेत त्या जागेच्या सोयीने: एका पानावर सहा मुद्दे बसले म्हणून ते एकत्र आले. व्हिडिओत जागेऐवजी वेळ मोजावा लागतो. म्हणून आधी प्रत्येक स्लाइडखाली एकच वाक्य लिहिले: हे पाहून शेतकरी काय करेल? उत्तर क्रियापदात आले तर ती स्लाइड ‘कृती’. कृती नाही, पण ती तशीच का करायची हे सांगते, तर ‘कारण’. दोन्ही नसेल तर बाजूला.

१८ पैकी ७ कृती, ४ कारण आणि ७ बाजूला निघाल्या. बाजूला गेलेल्यांत शीर्षक, संस्थेचा परिचय आणि आभार ही तीन पाने आहेत, त्यांच्याबद्दल वाद नाही. उरलेल्या चारांची कारणे लिहून ठेवतो, कारण डेक देणारे त्यांच्याबद्दलच विचारतील.

मृदा आरोग्य पत्रिका योजनेचे पान: योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला सुरू झाली वगैरे. माहिती बरोबर आहे, पण नमुना घेताना तिचा उपयोग नाही.

१२ घटकांचा तक्ता: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. हा अहवाल वाचण्याचा विषय आहे. त्याला वेगळा व्हिडिओ लागेल, कारण तिथे प्रश्न ‘कसे घ्यावे’ हा नसून ‘आकडा पाहून काय करावे’ हा आहे.

ग्रिडचे पान: बागायती भागात अडीच हेक्टरला आणि कोरडवाहू भागात १० हेक्टरला एक नमुना. हे काढणे सर्वांत महत्त्वाचे. हा आकडा योजनेखाली गावभर नमुने गोळा करणाऱ्या यंत्रणेसाठी आहे. तो शेतकऱ्याच्या व्हिडिओत आला तर दहा हेक्टर शेताला एक पिशवी पुरे, असा अर्थ निघेल. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात मातीचा रंग, उतार किंवा पीक बदलते तिथे वेगळा नमुना घ्यायचा असतो. वर्गात बोलणारा माणूस हा फरक तोंडी सांगतो, पडद्यावर तो सांगायला कोणी नसतो.

फळबागेचे पान: फळझाडांसाठी खोलवर, थराथराने वेगळे नमुने घेतात. तीच साधने, तेच शेत, पण खड्डा वेगळा. एकाच व्हिडिओत खोलीची दोन मापे दाखवली की दोन्ही विसरली जातात. हा व्हिडिओ फक्त हंगामी पिकांचा.

५ फेब्रुवारी: दृश्ये आणि शब्दांचे अंदाजपत्रक

सात कृतींची सात दृश्ये झाली. चार कारणे स्वतंत्र दृश्ये होणार नाहीत, ज्या कृतीचे कारण त्या कृतीतच एका वाक्यात येतील.

१. एका जागची मूठभर माती म्हणजे सगळे शेत नव्हे: १५ सेकंद
२. केव्हा घ्यायचा, कुठून घ्यायचा नाही: ३० सेकंद
३. साधने: १५ सेकंद
४. शेतातून नागमोडी फेरी, ८ ते १० जागा: २५ सेकंद
५. खड्डा आणि काप: ४० सेकंद
६. चार भाग करून माती कमी करणे: ३० सेकंद
७. सावलीत वाळवणे, पिशवी, चिठ्ठी: २५ सेकंद

एकूण १८० सेकंद. यातले ४० सेकंद निवेदनाविना ठेवायचे ठरवले, त्यांतले निम्मे एकट्या पाचव्या दृश्यात. हाताने करायची गोष्ट दाखवताना आवाज सतत चालू राहिला तर डोळे कृतीवर ठरत नाहीत. उरले १४० सेकंद. शिकवण्याच्या संथ लयीत मराठी निवेदन मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास जाते, म्हणजे सुमारे २५५ शब्द. मर्यादा २५० धरली आहे.

मिनिटाला १५० शब्द हा इंग्रजीसाठी सांगितला जाणारा वेग इथे लावू नये. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘खड्ड्याच्या तळापर्यंत’ हे मोजायला दोन शब्द आहेत, पण उच्चारायला चांगला सव्वा सेकंद लागतो. १५० च्या हिशेबाने लिहिलेली संहिता निवेदकाला धावत वाचावी लागते, आणि ते ऐकताना लगेच कळते: वाक्यांमधला श्वास नाहीसा होतो, शेवटचे क्रियापद गिळले जाते. आज्ञार्थी वाक्यात नेमके तेच क्रियापद महत्त्वाचे.

७ फेब्रुवारी: स्लाइडची भाषा ते बोलायची भाषा

डेकमधले वाक्य: ‘मृदा नमुना पीक काढणीनंतर व खते देण्यापूर्वी घेण्यात यावा.’

निवेदन: ‘पीक निघालं, शेत मोकळं झालं, की नमुना घ्या. खत टाकायच्या आधी.’

दोन शब्द वाढले तरी चालतील. वाचणारा डोळा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. स्लाइडच्या वाक्यात क्रिया अगदी शेवटी आणि तीही ‘घेण्यात यावा’ अशी कर्ता नसलेली आहे, तोवर दोन अटी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. बोलीत पहिल्या अटीनंतर लगेच ‘घ्या’ आले आणि दुसरी अट मागाहून जोडली गेली.

आकडे संहितेत अक्षरांत लिहायचे. ‘१५–२० सेंमी’ असे लिहिले की निवेदक कधी ‘पंधरा वीस’ म्हणतो, कधी ‘पंधरा ते वीस’, आणि पहिल्याचा अर्थ ‘असेल पंधरा-वीस’ असा सैल होतो. पडद्यावर मात्र अंकच, कारण अंक एका नजरेत कळतो.

पडद्यावरच्या मजकुराचा नियम असा ठेवला: निवेदनाचे पूर्ण वाक्य पडद्यावर लिहायचे नाही, आणि निवेदनात नसलेले नवे वाक्यही लिहायचे नाही. पूर्ण वाक्य लिहिले तर माणूस वाचत बसतो आणि चित्र सुटते. वेगळे वाक्य लिहिले तर कान एकीकडे, डोळे दुसरीकडे. पडद्यावर फक्त आकडा, वस्तूचे नाव किंवा तीन शब्दांपर्यंतची खूण. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी खाली उपशीर्षके असतीलच. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिची जागा आधीपासून राखायला हवी.

८ फेब्रुवारी: चौकट

मूळ व्हिडिओ १९२० × १०८०, सेकंदाला २५ चौकटी. वर्गातल्या प्रोजेक्टरला हे मोजमाप चालते. पण बहुतेक जण उभ्या धरलेल्या फोनवर पाहणार, तिथे चित्राची रुंदी जेमतेम ६.८ सेंटिमीटर उरते. १९२० बिंदूंच्या चौकटीत ६० बिंदू उंचीचे अक्षर तिथे २ मिलिमीटरचे होते. त्याहून लहान काहीही लिहायचे नाही. आकडे १२० बिंदूंचे.

खालचा पाचवा भाग, म्हणजे २१६ बिंदू, रिकामा. तिथे दोन ओळींची उपशीर्षके येतील. फोनवर बोट लावले की वेळेची पट्टीही तिथेच येते. खड्ड्याचा तळ या पट्टीत गेला तर ‘वरून तळापर्यंत’ हे दिसणारच नाही, म्हणून जमिनीची रेघ चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात घेतली आहे.

महत्त्वाचे सगळे मधल्या १०८० × १०८० चौरसात बसवायचे. पुढे चौरस आवृत्ती मागितली गेली तर पुन्हा आखणी नको. त्यासाठी दृश्य २ आणि ४ मधले वरून दिसणारे शेत लांबट न काढता जवळजवळ चौकोनी काढले.

देवनागरीच्या दोन बाबी चित्रकारांना लेखी दिल्या. अक्षरांमधले अंतर वाढवायचे नाही, कारण शिरोरेघ तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा ढीग दिसतो. आणि मजकूर टाइप होत असल्यासारखा एकेक अक्षराने आणायचा नाही. ‘खड्ड्याची’ हा शब्द तसा आणला की आधी पाय मोडलेला ड, मग दुसरा ड, मग काना-वेलांटी उड्या मारत येतात. अख्खा शब्द एकदम उमटवायचा.

१० फेब्रुवारी: दृश्य २ आणि ४, एकच शेत

स्लाइडवर ‘येथून नमुना घेऊ नये’ अशी सहा ठिपक्यांची यादी आहे: बांधालगत, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाजवळ, विहिरीशेजारी, पाणथळ जागी, वाटेवर. यादी वाचून दाखवली तर तिसऱ्या नावापुढे कोणी ऐकत नाही. म्हणून सहाही जागा एकाच शेताच्या नकाशात मांडल्या. निवेदन नावे घेतच नाही, कारण सांगते: ‘जिथली माती बाकी शेतासारखी नाही, तिथून घेऊ नका.’ या एका वाक्यावर सहा जागा एकामागून एक आडव्या रेघांनी भरल्या जातात. ज्याच्या शेतात सातवी जागा असेल, उदाहरणार्थ जुना गुरांचा गोठा, त्यालाही नियम लावता येतो.

बंदी दाखवायला नुसता लाल रंग पुरत नाही. लाल-हिरव्यात फरक न दिसणारे प्रेक्षक असतात आणि उन्हात फोनचे रंग फिके पडतात. म्हणून बंदीला आडव्या रेघा आणि नमुन्याच्या जागेला भरीव गोल, असा फरक आकारानेच दाखवला.

दृश्य ४ त्याच नकाशावर सुरू होते, रेघांनी भरलेल्या जागा तशाच ठेवून. माणूस एका कोपऱ्यातून नागमोडी चालतो आणि त्याच्यामागे ९ गोल उमटतात. रेघ कुठेही भरलेल्या जागेवरून जाऊ नये, हे बोर्डवरच तपासले. अशी चूक सजीवन, म्हणजे ॲनिमेशन, करताना दुरुस्त करणे महाग पडते.

दृश्य ३ साधे आहे. खुरपे, प्लॅस्टिकचे घमेले, स्वच्छ कापड, कापडी पिशवी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि खताची रिकामी गोणी बाजूला सारणारा हात एकदाच दिसतो. बादलीतले जस्त आणि गोणीतले खत मातीत मिसळते आणि अहवाल खोटा येतो.

१२ फेब्रुवारी: दृश्य ५, खड्डा आणि काप

व्हिडिओचे यश याच दृश्यावर आहे. स्लाइडवर एका खड्ड्याचा फोटो आणि तीन ठिपके आहेत. फोटोतून नेमका उलटा समज होतो: खड्डा खणला, म्हणजे त्यातून निघालेली माती हाच नमुना. खरे तर ती टाकून द्यायची असते. नमुना म्हणजे खड्ड्याच्या कडेचा वरपासून तळापर्यंतचा पातळ काप.

काप सगळीकडे सारख्या जाडीचा का, हेही दाखवायला हवे. सेंद्रिय पदार्थ आणि खताचा अंश वरच्या थरात जास्त असतो. काप वर जाड आणि खाली निमुळता झाला तर नमुन्यात वरची माती जास्त येते आणि जमीन आहे त्यापेक्षा सकस ठरते. नुसत्या उकरलेल्या मातीतही हीच अडचण आहे, कारण दोन बाजूंनी उतरता खड्डा वर रुंद आणि खाली अरुंद असतो. म्हणून ती टाकायची. हे कारण आवाजात सांगायला १५ सेकंद गेले असते. चित्रात उभा छेद दाखवला आणि वरचा थर थोड्या गडद रंगात काढला की ते आपोआप दिसते.

अंतिम तक्ता:

| चौकट | वेळ | चित्र | पडद्यावर | निवेदन |
|---|---|---|---|---|
| ५.१ | ४ से. | हात जमिनीवरची काटक्या-पाने बाजूला करतो | काही नाही | वरचा काडीकचरा हाताने बाजूला करा. |
| ५.२ | ९ से. | उभा छेद. खुरपे दोन्ही बाजूंनी तिरके उतरते, शेजारी उघडा पंजा | १५–२० सेंमी | खुरप्याने व्ही आकाराचा खड्डा घ्या, वीतभराला थोडा कमी. |
| ५.३ | ६ से. | निघालेली माती उचलून चौकटीबाहेर जाते, खड्डा रिकामा | ही नको | ही निघालेली माती टाकून द्या. |
| ५.४ | १४ से. | त्याच छेदात उजवी कड. खुरपे कडेला समांतर उतरते, काप सुटा होतो | २ सेंमी जाड | आता खड्ड्याची एक बाजू वरून तळापर्यंत कापा, बोटभर जाडीची, सगळीकडे सारखी. |
| ५.५ | ७ से. | काप घमेल्यात पडतो, घमेल्यावर ‘१/९’ | ही हवी | ही माती घमेल्यात टाका. नमुना म्हणजे हीच माती. |

निवेदन ३७ शब्दांचे, म्हणजे सुमारे २० सेकंद. उरलेले २० सेकंद शांत. ५.४ मध्ये सात-आठ सेकंद फक्त काप सुटताना दिसतो आणि तिथे संगीतही खाली घ्यायचे.

५.२ मध्ये आवाज ‘वीतभराला थोडा कमी’ म्हणतो आणि पडदा आकडा दाखवतो. आवाजातला आकडा आणि पडद्यावरचा आकडा एकच असावा या नियमाला हा आणि ५.४ मधला ‘बोटभर’ एवढेच अपवाद. शेतात कोणाकडे मोजपट्टी नसते, पंजा असतो. चित्रात पंजा खड्ड्याशेजारी उभा धरला आहे आणि खड्ड्याचा तळ विताच्या टोकाच्या जरा वर थांबतो. त्यामुळे दोन्ही मापे एकाच वेळी डोळ्यांसमोर जुळतात.

१४ फेब्रुवारी: दृश्य ६, चार भाग

नऊ जागांचे काप मिळून साधारण ४ किलो माती होते, प्रयोगशाळेला अर्धा किलो पुरते. ४ ची २, २ ची १, १ ची अर्धा: तीन फेऱ्या. स्लाइडवर ‘चतुर्थांश पद्धतीने अर्धा किलो नमुना तयार करावा’ एवढेच आहे.

निवेदन असे: ‘सगळी माती स्वच्छ कापडावर घ्या, खडे-मुळं काढा, नीट मिसळा. गोल पसरा, चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग काढून टाका, उरलेले दोन एकत्र मिसळा. पुन्हा तेच करा. अर्धा किलो माती उरेपर्यंत.’

पहिली फेरी पूर्ण दाखवायची, १७ सेकंद. दुसरी त्याच कोनातून, ५ सेकंदांत. तिसरी फक्त ३ सेकंद, शेवटचे ५ सेकंद उरलेल्या ढिगावर. कोपऱ्यात वजन बदलते: ४, २, १, ½. तिन्ही फेऱ्यांत कॅमेरा अजिबात हलत नाही. कोन बदलला तर पाहणाऱ्याला ही नवी पायरी वाटते, आणि ती जुनीच पायरी पुन्हा आहे हेच तर सांगायचे आहे.

समोरासमोरचे भाग काढताना ते एकाच क्षणी उचलायचे, आधी एक मग दुसरा असे नाही. एकेक उचलला तर शेजारशेजारचे दोन काढले असे लक्षात राहते. मिसळण्यात एका अंगाला काही जास्त राहिले असेल, तर समोरासमोरचे भाग काढल्याने ते दोन्हीकडून सारखे कमी होते. शेजारचे काढले तर अर्धा ढीगच एका अंगाचा उरतो.

१७ फेब्रुवारी: ॲनिमॅटिक

सगळ्या चौकटी पेन्सिलीच्या कच्च्या चित्रांतच आहेत. त्या वेळेनुसार ओळीने लावल्या आणि फोनवर रेकॉर्ड केलेला कच्चा आवाज जोडला. रंग, हालचाल, संगीत काही नाही. फाइलींची नावे `S05_K04_v02.png` अशा धर्तीची: दृश्य, चौकट, आवृत्ती. नाव बदलल्याशिवाय चित्र बदलायचे नाही, नाहीतर कोणत्या चित्रावर मंजुरी मिळाली हे सांगता येत नाही.

तपासणी फोनवरच करायची, आणि तीही दाबून लहान केलेल्या प्रतीवर. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना व्हिडिओची गुणवत्ता उतरत जाते. तशी प्रत मुद्दाम तयार केली:

```
ffmpeg -i animatic_v02.mp4 -vf scale=640:-2 -c:v libx264 -crf 32 -c:a aac -b:a 48k phone_test.mp4
```

या प्रतीत बारीक रेघा आधी मरतात. बंदीच्या आडव्या रेघा ४ बिंदूंच्या होत्या, त्यांचा राखाडी डाग झाला. १० बिंदूंच्या केल्या आणि त्यांतले अंतर दुप्पट केले. ५.४ मधली कापाची कडही हरवत होती, तिला फिकट रंगाची जाड किनार दिली.

१८ फेब्रुवारी: शेती करणाऱ्यांना दाखवून

ॲनिमॅटिक आधी आवाजाविना दाखवला आणि ‘काय करायचे ते सांगा’ एवढेच विचारले. ‘कळले का’ असे विचारायचे नाही, त्याला सगळे हो म्हणतात.

खड्डा आणि काप सगळ्यांनी बरोबर सांगितले. चार भागही. अडचण निघाली ती दृश्य ४ ते ५ च्या सांध्यावर. नऊ गोल दिसले, मग एका खड्ड्याचे सविस्तर चित्र, मग थेट माती मिसळणे. काहींना वाटले की काप एकाच जागी घ्यायचा आणि बाकी आठ ठिकाणची माती नुसती उचलायची. डेकमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे बोलणारा ‘असे प्रत्येक ठिकाणी’ म्हणून पुढे जातो. उपाय: ५.५ च्या शेवटी घमेल्यावरचा ‘१/९’ सरकत ‘९/९’ होतो आणि मागे नकाशावरचे गोल एकेक करून भरतात. ७ सेकंदांतले शेवटचे ३ त्याला दिले. निवेदन वाढवले नाही, नाहीतर तिथली शांतता गेली असती.

दुसरी गोष्ट दृश्य ७ मध्ये. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, तारीख, आधीचे पीक, पुढचे पीक अशा सहा ओळी एकदम उमटत होत्या आणि चार सेकंदांत जात होत्या. आता चिठ्ठी हाताने लिहिली जाताना दिसते. आवाज फक्त ‘गट नंबर आणि पुढचं पीक विसरू नका’ म्हणतो. पुढचे पीक ठाऊक नसेल तर खताची शिफारस करता येत नाही, आणि हीच ओळ सर्वाधिक रिकामी राहते. पूर्ण भरलेली चिठ्ठी शेवटी पाच सेकंद स्थिर राहते. पडद्यावरचा कोणताही मजकूर सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ टिकला पाहिजे, हे माप सगळीकडे लावले.

२० फेब्रुवारी: संहिता बंद, मग रेकॉर्डिंग

संहितेवर लेखी मंजुरी घेतली. इथून पुढे शब्द बदलायचा नाही. रेकॉर्डिंगनंतर एक शब्द बदलला तरी अख्खे वाक्य पुन्हा घ्यावे लागते, आणि दुसऱ्या दिवशीचा आवाज पहिल्या दिवसाच्या आवाजाशी सहसा जुळत नाही: माइकपासूनचे अंतर, घसा, खोलीचा गुंजारव, सगळेच थोडे हलते.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. प्रत्येक चौकटीचे वाक्य वेगळे घ्यायचे, आधी-नंतर अर्धा सेकंद शांतता. खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट वेगळी रेकॉर्ड करायची. वाक्यांमध्ये वेळ वाढवताना तीच भरायची, नाहीतर मधला तुकडा अगदी मुका वाटतो आणि कानाला खटकतो.

निवेदकाच्या प्रतीत श्वासाच्या जागी दंड आणि जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ: ‘*ही* निघालेली माती | टाकून द्या’, ‘नमुना म्हणजे | *हीच* माती’. ही दोन वाक्ये एकमेकांची जोडी आहेत. पहिल्यात ‘ही’ वर जोर नसेल तर दुसऱ्यातल्या ‘हीच’ ला आधार राहत नाही. ‘जमीन’ आणि ‘जस्त’ मधला ज दंततालव्य, हे समासात लिहिले.

२३ फेब्रुवारी: खऱ्या आवाजावर पुन्हा वेळ

कच्च्या आवाजावर लावलेली वेळ खऱ्या आवाजाला कधीच बसत नाही. दृश्य २ दोन सेकंदांनी लांबले, दृश्य ३ दीड सेकंदाने आखडले. सजीवन सुरू व्हायच्या आधी सगळ्या चौकटी नव्या आवाजावर सरकवल्या. उलटे केले, म्हणजे आधी हालचाल आणि मग आवाज, तर आवाज ताणावा किंवा चेपावा लागतो.

चित्र शब्दाच्या जरा आधी यायला हवे, ८ चौकटींनी, म्हणजे साधारण पाव ते एक-तृतीयांश सेकंदाने. डोळा वस्तू शोधतो तोवर तिचे नाव कानावर पडते. पडद्यावरचा शब्द किंवा आकडा मात्र उच्चाराच्या क्षणी. तो आधी आला तर माणूस पुढचे ऐकायच्या आत वाचून मोकळा होतो, मग आलेला आवाज शिळा वाटतो. टाइमलाइनवर प्रत्येक खुणेला संहितेतला नेमका शब्द लिहिला: ‘टाकून’ वर माती उचलली जाते, ‘कापा’ वर खुरपे उतरायला लागते.

२५ फेब्रुवारी: सजीवनाकडे देताना

सोबत काय काय जाते: तक्ता, वेळ लावलेला ॲनिमॅटिक, चौकटीनिहाय आवाज, उपशीर्षकांची फाइल, रंगांचे पान. मातीचा रंग सगळ्या दृश्यांत एकाच रंगपेटीतून घ्यायचा, कुठेही हाताने भरायचा नाही. मुख्य आवृत्ती काळ्या कापसाच्या जमिनीची आहे. कोकणासाठी जांभ्या मातीची आवृत्ती करायची आहे आणि ती एका रंगाच्या बदलात निघाली पाहिजे. दोन्ही रंगांवर कापाची फिकट किनार आणि वरच्या थराची गडद छटा दिसते का, हे ५.४ च्या एका स्थिर चित्रावर आधी पाहायचे. जांभ्यावर गडद छटा सध्या पुरेशी उठत नाही, तिथे थराच्या सीमेवर तुटक रेघ द्यायची.